तेहतीस युनिटांचा हिशेब

इथे अमेरिकेत नवी इलेक्ट्रिक गाडी बघायला गेलात तर तिच्या काचेवर एक स्टिकर असतो. त्यावरचा मायलेजचा आकडा एक गॅलन पेट्रोल म्हणजे ३३.७ युनिट वीज असं धरून काढलेला असतो. युनिट तेच, आपल्या लाइटबिलावरचं. किंमत, रंग आणि सीट बघताना बहुतेकांची नजर या आकड्यावरून पुढे सरकते. माझी तिथेच अडकते, कारण गेली दहा वर्षं मी याच तेहतीस युनिटांच्या मागे आहे. आधी पीएचडी केली, आता मिशिगनमध्ये पोस्टडॉक करते. विषय एकच: पेट्रोल इंजिनाच्या आत ज्वाला कशी पसरते आणि कधी कधी नको तिथे आपणहून का पेटते.

तुमच्याही व्हॉट्सॲपवर तो व्हिडिओ आला असेल. पेट्रोलच्या नळीवर एक चुंबकाची डबी बसवायची आणि मायलेज जवळजवळ दुप्पट. कारण म्हणे असं, की इंजिनात दोन तृतीयांश पेट्रोल न जळताच बाहेर फेकलं जातं आणि ही डबी ते पूर्ण जाळते. मागच्या वर्षी सांगलीहून माझ्या मामांचा फोन आला, तो याच डबीसाठी. निवृत्त झाल्यावर हातात आलेल्या पैशातून ते तिची जिल्ह्याची एजन्सी घेणार होते. अनामत रक्कम काही लाखांत होती. मामा म्हणाले, "अगं, तू इंजिनातच डॉक्टरेट केलीस ना? मग एवढंच सांग, दोन तृतीयांश वाया जातं हे खरं की खोटं?"

अडचण अशी होती की ते खरं आहे. वाया जातं, पण न जळलेलं पेट्रोल म्हणून नाही. नुसतं "खोटं आहे मामा" म्हणून भागणार नव्हतं. ती युनिटं कुठे जातात ते एकेक करून दाखवावं लागणार होतं. तोच हिशेब तुमच्यापुढे मांडते.

आधी चाकांकडून सुरुवात करू. समजा तुमच्याकडे साधी मध्यम आकाराची सेडान आहे. दीड टन वजन, १७० अश्वशक्तीचं इंजिन. हायवेवर क्रूझ कंट्रोल लावून ताशी ६५ मैलांनी तुम्ही सरळ सपाट रस्त्यावर चालला आहात. गाडीला मागे ओढणाऱ्या गोष्टी दोनच: समोरची हवा आणि रस्त्यावर चेपणारे टायर. या वेगाला हवा साधारण ३४ किलो वजनाइतक्या जोराने मागे ढकलते आणि टायर १५ किलो. एकूण ४९ किलो. म्हणजे तांदळाचं एक पोतं उचलून धरायला जेवढा जोर लागतो तेवढाच तुमची गाडी पुढे रेटायला पुरतो. एका गॅलनमध्ये ही गाडी ३५ मैल जाते असं धरलं, तर त्या ३५ मैलांत चाकांनी केलेलं काम होतं साडेसात युनिट.

टाकीतून निघाली ३३.७, चाकांशी पोचली साडेसात. हे एक तृतीयांशसुद्धा नाही, चौथ्या हिश्श्याहून थोडं कमीच आहे. "एक तृतीयांश" हा आकडा इंजिनाच्या दांड्यावर मिळणाऱ्या कामाचा आहे, आणि तोही इंजिन मनासारखं भारलेलं असताना. तिथून चाकांपर्यंत येताना गिअरबॉक्स, अल्टरनेटर, पाण्याचा पंप वगैरे मंडळी मिळून एक-सव्वा युनिट खातात. ते सोडलं तरी वीस-पंचवीस युनिटं इंजिनातच गायब होतात.

मग न जळलेल्या पेट्रोलचं काय? गरम झालेल्या, धडधाकट इंजिनात ९७-९८ टक्के पेट्रोल जळतं. हे मोजणं अवघड नाही. धुरात न जळलेले हायड्रोकार्बन आणि कार्बन मोनॉक्साइड किती आहेत ते पाहिलं की झालं. प्रयोगशाळेत आम्ही रोज पाहतो, आणि पीयूसीवाला नळी घालून बघतो तेही हेच वायू. म्हणजे न जळण्यामुळे आपण गमावतो फार तर एक युनिट. जगातली कुठलीही डबी ज्वलन "पूर्ण" करून याहून जास्त परत आणू शकत नाही. मामांची अनामत इथेच वाचली. पण मामांचं समाधान मात्र झालं नाही. ते म्हणाले, "जळतं सगळं, तरी मिळतं एवढंसं? मग बाकीचं तुम्ही इंजिनिअर लोक करता काय?"

याचं उत्तर पाण्याच्या उदाहरणाने द्यावं असं मला वाटलं, आणि ते माझं नाही, सादी कार्नो या फ्रेंच इंजिनिअरचं आहे. १८२४ साली त्याने एक छोटंसं पुस्तक लिहिलं, वाफेच्या इंजिनांवर. त्याने म्हटलं की उष्णतेपासून काम मिळतं ते पाणचक्कीसारखं. पाणी उंचावरून खाली येताना चक्की फिरवतं, तशी उष्णता जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे जाताना काम करते. नुसती उष्णता असून उपयोग नाही, ती खाली उतरायला जागा हवी. त्या काळी उष्णता हा एक द्रव पदार्थ समजला जाई, ते पुढे चूक ठरलं. पण उताराबद्दलचा त्याचा निष्कर्ष टिकला.

मामांना मी कोयनेचं सांगितलं. शिवसागराचं पाणी पोफळीला उतरतं, वीज देतं आणि शेवटी वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. समुद्राच्या खालीही खोली आहे, पण पाण्याला तिथे उतरवून आणखी वीज काढता येत नाही, कारण तिथून ते जाणार कुठे? उष्णतेच्या बाबतीत समुद्राचा तळ म्हणजे निरपेक्ष शून्य, उणे २७३ अंश सेल्सिअस. आणि समुद्राची पातळी म्हणजे आपल्या भोवतालच्या हवेचं तापमान, तळापासून मोजलं तर साधारण ३०० अंश. या तळापासून मोजलेल्या अंशांना केल्विन म्हणतात. भोवतालच्या तापमानाच्या खालचा हिस्सा कुणालाच मिळत नाही. तो समुद्राला द्यावाच लागतो. इंजिन कितीही गुळगुळीत, कितीही महागडं असलं तरी हा कर चुकत नाही.

आता इथे एक गंमत आहे, आणि ती बऱ्याच पुस्तकांत घाईघाईने उरकली जाते. पेट्रोल पेटल्यावर सिलिंडरमधला वायू क्षणभर साधारण २५०० केल्विनला जातो. समुद्र ३०० वर. मग कार्नोच्या हिशेबाने सक्तीचा कर ३०० भागिले २५००, म्हणजे १२ टक्केच. ८८ टक्के काम मिळायला हवं! म्हणजे दोन तृतीयांश जाण्याचा दोष एकट्या कार्नोच्या माथी मारता येत नाही. त्याने सांगितलं ते शेवटचं कुंपण. आपलं इंजिन त्या कुंपणाच्या बरंच अलीकडे थांबतं, आणि का थांबतं हाच खरा प्रश्न आहे.

कारण आहे पिस्टनच्या प्रवासाची लांबी. सायकलला हवा भरताना पंप गरम होतो हे आपण सगळ्यांनी अनुभवलं आहे. वायू दाबला की तापतो आणि फुगू दिला की थंड होतो. फुगताना तो पिस्टनला ढकलतो आणि त्या कामाची किंमत स्वतःच्या उष्णतेतून चुकवतो. त्यामुळे इंजिन उष्णतेचं काम किती करणार हे ठरतं पेटलेला वायू किती पट फुगू दिला यावर. साध्या पेट्रोल इंजिनात पिस्टन वरून खाली येईपर्यंत वायूची जागा दहा पट होते. दहा पट फुगल्यावर त्याचं तापमान किती उतरतं? जवळजवळ निम्म्यावर. २५०० ला निघालेला वायू १२५० केल्विनला पोचतो आणि तिथे पिस्टनचा प्रवास संपतो. जिना अर्ध्यातच संपला. तो वायू अजून हजार अंश सेल्सिअसच्या आसपास आहे, पण त्याला उतरायला पायऱ्याच उरल्या नाहीत. एग्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडतो आणि तो बाहेर जातो. म्हणजे घर्षण नाही, गळती नाही, सगळं आदर्श आहे असं मानलं तरी निम्मी उष्णता इथे गेली. ३३ पैकी साडेसोळा युनिट.

(पाठ्यपुस्तकात याच जागी ६० टक्के काम मिळतं असं लिहिलेलं असतं. ते गणित थंड हवा धरून केलेलं असतं. खऱ्या गरम वायूतले पाण्याचे आणि कार्बन डायऑक्साइडचे रेणू फिरण्यात आणि थरथरण्यात बरीच उष्णता धरून ठेवतात, म्हणून तो फुगताना तितकासा थंड होत नाही.)

जोरात गाडी मारताना व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेच्या कित्येक पट असतो. सायलेन्सर काढलेल्या मोटरसायकलचा फाडफाड आवाज ऐकलाय ना? तो आवाज म्हणजे न वापरलेला दाब एकदम सुटण्याचा आहे. ज्याला लोक दमदार गाडी म्हणतात ते खरं तर पिस्टनच्या हातून निसटलेलं काम आहे.

मग पिस्टनचा प्रवास वाढवा की! दहाऐवजी वीस पट फुगू दे. हिशेबाने आदर्श ५० टक्क्यांचे ५९ होतील. पण ज्या जिन्याने वायू उतरतो त्याच जिन्याने आधी पेट्रोल-हवेचं मिश्रण चढवावं लागतं. दहा पट फुगवायचं तर आधी दहा पट दाबायचं, वीसला वीस पट. दहा पट दाबल्यावरच ते मिश्रण चारशे अंश सेल्सिअसपर्यंत तापलेलं असतं. मग ठिणगी पडते, ज्वाला एका बाजूने पसरू लागते आणि जळलेला वायू फुगून कोपऱ्यात उरलेल्या न जळलेल्या मिश्रणाला आणखी दाबतो, आणखी तापवतो. ज्वाला तिथे पोचण्याआधी ते कोपऱ्यातलं मिश्रण आपणहून पेटलं, तर एक दाबाची लाट धातूवर हातोडीसारखी आदळते. हेच नॉकिंग. माझे बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते, त्यांना ते चढावर टकटक आवाजाने ओळखू येतं. आजच्या गाडीत सिलिंडरच्या बाजूला एक सेन्सर ते ऐकतो आणि ठिणगी थोडी उशिरा पाडायला लावतो. टकटक थांबते, पण उशिरा पेटलेल्या वायूला फुगायला कमी प्रवास मिळतो आणि थोडं काम आणखी वाया जातं.

पंपावरचा ऑक्टेनचा आकडा म्हणजे हे आपणहून पेटणं टाळण्याची पेट्रोलची ताकद. त्यात ऊर्जा जास्त नसते. तुमच्या गाडीला ८७ चालतं असं कंपनीने लिहिलं असेल तर ९३ भरून गॅलनमधली युनिटं वाढत नाहीत. ज्या इंजिनाचा दाब जास्त आहे त्यालाच त्या आकड्याचा उपयोग. आणि हा आकडा वाढवण्याच्या हव्यासाने माणसाने काय केलं तेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. डिसेंबर १९२१ मध्ये थॉमस मिजली याला आढळलं की पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग घातलं की नॉकिंग थांबतं. मग दशकानुदशकं जगभर गाड्यांच्या धुरातून शिसं उडत राहिलं, मुलांच्या रक्तात जात राहिलं. अमेरिकेने रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ते १९९६ मध्ये पूर्ण बंद केलं, भारताने २००० मध्ये. जिन्याच्या दोन-तीन पायऱ्या जास्त मिळाव्यात म्हणून दिलेली ती किंमत होती. माझ्या प्रबंधात कोपऱ्यातल्या त्या मिश्रणाचे आलेख आहेत. ते काढताना मला नेहमी वाटायचं, ही एक-दोन टक्क्यांची भांडणं वाटतात तितकी छोटी नाहीत.

आदर्श इंजिनाचे साडेसोळा युनिट राहिले होते. त्यातले साडेसात चाकांना आणि सव्वा गिअरबॉक्स वगैरेंना गेले. बाकीचे जवळजवळ आठ कुठे गेले?

साधारण निम्मे सिलिंडरच्या भिंतींनी खाल्ले. आत अडीच हजार अंश, आणि भिंत मात्र जेमतेम दीड-दोनशे अंशांवर ठेवावी लागते, नाहीतर तेल जळेल, पिस्टन चिकटेल. फुगून काम करण्याआधीच काही उष्णता भिंतीत जाते, तिथून पाण्यात, पाण्यातून रेडिएटरला. भिंतीला उष्णतारोधक अस्तर लावून ही गळती थांबवण्याचे प्रयोग अनेकदा झाले. अडवलेली उष्णता बहुतेक करून एग्झॉस्टमधून निघून गेली, कारण जिना तेवढाच होता. शिवाय भिंत तापली की नॉकिंग वाढतं ते वेगळंच.

उरलेले निम्मे घर्षण आणि श्वास यात जातात. ही दुसरी गोष्ट थोडी समजावून सांगते. पोत्याएवढा जोर ६५ मैलांच्या वेगाने लावायला लागतात १९ अश्वशक्ती. इंजिन आहे १७० चं. चार माणसांची आमटी पंगतीच्या पातेल्यात करावी तसा हा प्रकार. पातेलं तापायलाच अर्धा गॅस जातो. पिस्टनच्या रिंगा आणि बेअरिंग इंजिनाकडून थोडं काम घेतलं म्हणून कमी घासत नाहीत. त्यात पेट्रोल इंजिनाची ताकद कमी करण्याची रीत म्हणजे हवेच्या वाटेत झडप अर्धवट बंद करणं. नारळपाणी पिताना स्ट्रॉ चिमटीत धरून ओढून बघा, गाल दुखतील. इंजिन सेकंदाला कित्येक वेळा तसं ओढतं. डिझेल इंजिन हवेला न अडवता फक्त डिझेल कमी-जास्त करतं आणि नुसती हवा दाबत असल्याने तिला जास्त पट दाबूही शकतं. बाबांच्या एसटीचं इंजिन आमच्या स्कूटरच्या इंजिनापेक्षा हिशेबाला चांगलं होतं ते यामुळे.

म्हणजे हिशेब असा लागला: न जळलेलं पाऊण, चाकांना साडेसात, गिअरबॉक्स वगैरे सव्वा, घर्षण आणि श्वास मिळून चार, आणि उरलेली वीस युनिटं धूर आणि रेडिएटर यांत जवळजवळ अर्धी अर्धी. आकडे गाडीप्रमाणे थोडे इकडे तिकडे होतील, पण क्रम बदलत नाही. शहरात सिग्नलला थांबत गेलात तर चाकांचा वाटा आणखी घसरतो.

यातलं काय निसर्गाचं आणि काय आपलं, हे वेगळं केलं की हायब्रिड गाडी का जिंकते ते कळतं. निसर्गाचा कर ती चुकवत नाही. ती तीन गोष्टी करते. आत घेण्याचा व्हॉल्व्ह उशिरा बंद करून दाबण्याचा जिना आखूड आणि उतरण्याचा लांब ठेवते. जेम्स ॲटकिन्सन या इंग्रज माणसाने १८८० च्या दशकात सुचवलेली ही कल्पना. दुसरं, इंजिन छोटं ठेवते, आणि थोडकं काम असेल तेव्हा ते बंद करून मोटर चालवते. तिसरं, ब्रेक लावताना काही ऊर्जा परत बॅटरीत घेते. टोयोटाने २०१६ च्या प्रिअससाठी इंजिनाची सर्वोत्तम कार्यक्षमता ४० टक्के सांगितली. त्या चाळीस टक्क्यांसाठी शंभरहून जास्त वर्षं लागली आहेत. चुंबकाच्या डबीने एका दुपारी दुप्पट मिळेल असं कुणी म्हणालं, तर या यादीतली कुठली युनिटं ती परत आणते एवढंच विचारावं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने अशी शंभरहून जास्त यंत्रं तपासली आणि मायलेज लक्षणीय वाढवणारं एकही त्यांना सापडलं नाही.

इलेक्ट्रिक गाडीत उष्णतेचं इंजिन नसतं, म्हणून तिथे बॅटरीतला बराच मोठा हिस्सा चाकांपर्यंत जातो. पण वीज कोळशावर किंवा गॅसवर झाली असेल तर कार्नो तिकडे वीजकेंद्रात उभा असतोच. फरक इतका की उत्तम गॅसकेंद्रात गॅस टर्बाइनच्या धुरावर पुन्हा वाफेचं इंजिन चालवतात. जिन्याला दुसरा मजला जोडतात आणि साठ टक्क्यांच्या आसपास पोचतात. गाडीच्या बॉनेटखाली तेवढी जागा नाही. आणि मिशिगनच्या जानेवारीत इलेक्ट्रिक गाडीवाल्या मित्राची रेंज घसरते, तेव्हा माझ्या जुन्या सेडानचा हीटर मात्र फुकट चालतो. रेडिएटरच्या दहा युनिटांतलं थोडं पाणी आधी माझ्या पायांशी येतं, एवढंच.

शेवटी, तुमच्या हातात काय आहे? इंजिनाच्या आतलं जवळजवळ काहीच नाही. पण चाकांकडचं बरंच आहे. वेगाचा वर्ग होऊन हवा वाढते. ६५ ऐवजी ७५ मैलांनी गेलात तर हवेचे ३४ किलो ४५ होतात आणि ४९ चं पोतं ६० किलोचं. टायरमध्ये हवा कमी असली की ते १५ किलो वाढतात. टपावर रिकामा कॅरिअर वर्षभर तसाच ठेवला की हवेचे वाढतात. आणि इथे इंजिनाचा तोटा आपल्या बाजूने फिरतो. चाकांशी एक युनिट पोचवायला इंजिनाला जास्तीचं जवळजवळ तीन युनिटांचं पेट्रोल जाळावं लागतं. म्हणून चाकांशी एक युनिट वाचवलंत, तर टाकीत वाचतात तीन.

मामांनी त्या पैशाची मुदत ठेव केली. डबीवाल्यांचा फोन पुन्हा आला तेव्हा त्यांनी विचारलं, "न जळलेलं पेट्रोल धुरात किती टक्के असतं, ते मोजलंय का तुम्ही?" पलीकडून फोन ठेवला गेला, असं ते सांगतात.